तुमच्या संदर्भसूचीतला निबंध अजून उभा आहे का?

२२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा क्लोरोक्विन दिल्याने काय होते, हा त्याचा विषय होता. सहा खंडांतली ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण यांची माहिती तपासल्याचे त्यात म्हटले होते. निष्कर्ष असा होता की, ही औषधे घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे आणि हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण जास्त आहे. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीतला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा भाग स्थगित केला. भारतात तर या बातमीने खळबळ उडाली, कारण आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधक म्हणून हेच औषध घ्यावे, अशी शिफारस आयसीएमआरने मार्चमध्येच केली होती.

पुढच्या दोन आठवड्यांत त्या निबंधाचे जे झाले, ते संशोधनावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तारखांसकट समजून घ्यावे असे आहे. ऑस्ट्रेलियातल्या वार्ताहरांच्या लक्षात आले की, निबंधात त्या देशातल्या पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू दाखवले आहेत. प्रत्यक्षात त्या तारखेपर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियातल्या कोविड मृत्यूंची नोंद ६७ होती. २८ मे रोजी शंभराहून अधिक संशोधकांनी लॅन्सेटला जाहीर पत्र लिहून माहितीच्या खरेपणाबद्दल प्रश्न विचारले. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक शेखर मांडे यांच्यासह काही भारतीय शास्त्रज्ञांनीही आपले आक्षेप लेखी कळवले. मे संपता संपता लॅन्सेटने एक दुरुस्ती छापली. आशियातले एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियाच्या गटात मोजले गेले होते, बाकी निष्कर्षांत बदल नाही, असे तिचे म्हणणे होते. जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत 'या निबंधाबद्दल आम्हाला गंभीर शंका आहेत' असे सांगणारी संपादकांची सूचना निघाली. ४ जूनला निबंध मागे घेण्यात आला.

म्हणजे एकच निबंध पंधरवड्याच्या आत चार अवस्थांतून गेला. २४ मे रोजी ज्याने त्याची स्थिती तपासली, त्याला काहीच वावगे दिसले नसते. ३० मेच्या सुमारास पाहणाऱ्याला दुरुस्ती दिसली असती, ३ जूनला शंकेची सूचना आणि ५ जूनला निबंध रद्द झाल्याची नोंद. चौघांनीही तपास प्रामाणिकपणेच केला असता, पण प्रत्येकाचे उत्तर फक्त त्या दिवसापुरते खरे होते.

इतका गाजावाजा होऊनही हा निबंध संदर्भांतून गेला नाही. याच लेखकांपैकी काहींचा, त्याच कंपनीच्या माहितीवर आधारलेला दुसरा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता आणि तोही ४ जूनलाच मागे घेतला गेला. 'सायन्स' या नियतकालिकाने जानेवारी २०२१मध्ये या दोन निबंधांचा हवाला देणारे २०० लेख तपासले. निम्म्याहून अधिक लेखांनी ते मागे घेतल्याचा उल्लेखही न करता त्यांचा आधार घेतला होता. निबंध रद्द झाल्याच्या बातम्या जगभरातल्या वर्तमानपत्रांत आल्या असताना ही स्थिती, तर एखाद्या छोट्या नियतकालिकातून गुपचूप मागे घेतलेल्या निबंधाची कथा वेगळी सांगायला नको.

असे होण्याचे कारण साधे आहे. संशोधक निबंध एकदा उतरवून घेतो आणि पुढे महिनोन् महिने त्याच फाइलवर काम करतो. नियतकालिकाच्या पानावर 'मागे घेतला' असा शिक्का बसतो, पण आपल्या संगणकावरची फाइल तशीच राहते. मित्राने पाठवलेली प्रत, विद्यापीठाच्या भांडारातली प्रत, लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत, यांतल्या एकीलाही ती बातमी आपोआप कळत नाही. ती आपणच विचारावी लागते.

कोणत्या सूचना शोधायच्या

छापून झालेल्या निबंधाबद्दल नंतर मुख्यतः तीन प्रकारच्या सूचना निघतात आणि तिन्हींचे वजन वेगळे असते.

पहिली दुरुस्तीची. काही नियतकालिके प्रकाशकाची चूक आणि लेखकाची चूक यांना वेगळी नावे देतात, काही दोन्हींना एकच नाव देतात. दुरुस्ती निघाली म्हणून निबंध निकामी होत नाही. पण ती लेखकाच्या नावाच्या स्पेलिंगची आहे की तुम्ही ज्या तक्त्यातला आकडा उचलणार आहात त्याच तक्त्याची, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी शंकेची सूचना. चौकशी चालू आहे, निकाल लागलेला नाही, पण वाचकाने सावध राहावे, असे संपादक तिच्यातून सांगतात. अशी सूचना वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. पुढे तिची परिणती निबंध मागे घेण्यात होऊ शकते किंवा शंका फिटूही शकते.

तिसरी निबंध मागे घेतल्याची. निष्कर्षांवर विसंबता येत नाही, असा तिचा बहुतेक वेळा अर्थ असतो. निबंध पुसून टाकला जात नाही. तो जागेवरच राहतो आणि त्यावर ठळक खूण होते, म्हणजे काय झाले ते पुढच्यांना पाहता यावे.

या तिन्ही सूचना स्वतंत्र लेख म्हणून छापल्या जातात, त्यांना स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या मूळ निबंधाशी जोडलेल्या असतात. आपला सगळा शोध या जोडणीचा असतो. ती नीट झालेली असेल तर मिनिटभरात उत्तर मिळते. झालेली नसेल तर एका ठिकाणी सगळे ठीक दिसते आणि दुसरीकडे धक्का बसतो. म्हणून एकाच ठिकाणी विचारून थांबू नये.

विचारण्याची पद्धत

शोधाची सुरुवात निबंधाच्या नावाने करू नये, डीओआयने करावी. डीओआय हा निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक असतो. नावे एकसारखी असू शकतात, लेखकांची आद्याक्षरे गोंधळ घालतात, पण डीओआय एकाच निबंधाचा असतो. लॅन्सेटच्या त्या निबंधाचा डीओआय `10.1016/S0140-6736(20)31180-6` असा आहे. त्यात कंस आहेत आणि नक्कल करताना नेमके तेच किंवा शेवटचा आकडा सुटतो. कधी वाक्याचा पूर्णविराम मागे चिकटून येतो. मग शोधात 'काहीही सापडले नाही' असे उत्तर मिळते आणि घाईत आपण त्याचा अर्थ 'निबंध निर्दोष आहे' असा घेतो. म्हणून निबंधच सापडला नाही की निबंध सापडला पण त्यावर सूचना नाही, हे आधी पक्के करावे.

पहिला मुक्काम प्रकाशकाच्या पानावर. `https://doi.org/` यापुढे डीओआय लिहिला की निबंधाचे आजचे अधिकृत पान उघडते. मागे घेतलेल्या निबंधाच्या शीर्षकाआधी सहसा `RETRACTED` हा शब्द असतो आणि सूचनेचा दुवाही जवळच असतो. अनेक नियतकालिकांच्या पानांवर आणि पीडीएफ प्रतींवर `Check for updates` असे लिहिलेले छोटे बटण असते. ते क्रॉसमार्क या व्यवस्थेचे आहे. जुन्या, उतरवून घेतलेल्या पीडीएफमधले बटण दाबले तरी ते आजची नोंद दाखवते. फक्त त्यासाठी प्रकाशक या व्यवस्थेत सहभागी असावा लागतो आणि त्याने सूचनेची नोंद पाठवलेली असावी लागते. बटण नसणे हे कशाचेच प्रमाणपत्र नाही.

दुसरा मुक्काम, विषय वैद्यकाचा किंवा जीवशास्त्राचा असेल तर, पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची सर्वांना मोफत खुली आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकांना सांगते की, आपल्या संदर्भांत मागे घेतलेले निबंध नाहीत ना, हे तपासणे ही लेखकांचीच जबाबदारी आहे, आणि त्यासाठी ती पबमेडचाच हवाला देते. शोधखिडकीत डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक घालावा. आपल्या उदाहरणातला क्रमांक `32450107` आहे. निबंधाच्या नोंदीत `Retraction in`, `Expression of concern in` आणि `Erratum in` या तीन शीर्षकांकडे पाहावे. मागे घेतल्याची सूचना पहिल्याखाली असते, शंकेची दुसऱ्याखाली आणि दुरुस्ती तिसऱ्याखाली. मागे घेतलेल्या निबंधावर ठळक खूण येते, ती चुकत नाही. दुरुस्ती मात्र बारीक ओळीत असते आणि सारांश वाचून पान बंद करणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. एखाद्या विषयातले सगळेच मागे घेतलेले निबंध पाहायचे असतील, तर विषयाच्या शब्दांबरोबर पुढील शब्द जोडावेत:

```
Retracted Publication[pt]
```

तिसरा मुक्काम रिट्रॅक्शन वॉचची सूची. आयव्हन ओरॅन्स्की आणि ॲडम मार्कस या दोन पत्रकारांनी २०१०मध्ये मागे घेतलेल्या निबंधांचा माग काढायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली सूची २०२३मध्ये क्रॉसरेफ या संस्थेने घेतली आणि सर्वांना खुली केली. डीओआयची नोंदणी करणारी ही एक मोठी संस्था आहे. सूचीत सर्व विषयांतल्या ५०,०००हून अधिक नोंदी आहेत, म्हणून समाजशास्त्र, अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्राच्या अभ्यासकांना पबमेडपेक्षा तिचा उपयोग जास्त. `retractiondatabase.org` येथे शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे मूळ निबंधाच्या डीओआयची जागा वेगळी आणि सूचनेच्या डीओआयची वेगळी आहे. आपल्याकडचा डीओआय चुकीच्या जागी टाकला तर नोंद असूनही दिसत नाही. सापडलेल्या नोंदीत सूचनेचा प्रकार, तारीख आणि कारणेही दिलेली असतात. दुरुस्त्या मात्र या सूचीत थोड्याच आहेत. त्यांच्यासाठी प्रकाशकाचे पान आणि पबमेड हेच आधार.

संदर्भ शंभर-दोनशे असतील तर एकेक तपासणे कंटाळवाणे होते. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर २०१९पासून आपल्या संग्रहातले निबंध रिट्रॅक्शन वॉचच्या सूचीशी आपोआप ताडून पाहते. मागे घेतलेला निबंध आढळला की लाल पट्टी दाखवते आणि लिहिताना तो संदर्भ घालू लागलो तर अडवून विचारते. पण ताडणी होते ती डीओआय किंवा पबमेडच्या क्रमांकावर. हाताने टंकलेल्या, क्रमांक नसलेल्या नोंदींना ही राखण लागू होत नाही, म्हणून आधी त्या जागा भरून घ्याव्यात. शंकेच्या सूचना आणि दुरुस्त्या यांसाठीही केवळ झोटेरोवर विसंबू नये.

थोडेफार संगणकीय काम येणाऱ्यांना क्रॉसरेफची नोंद थेट पाहता येते. पुढचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की निबंधाची सगळी नोंद मजकुराच्या रूपात उघडते:

```
https://api.crossref.org/works/10.1016/S0140-6736(20)31180-6
```

तिच्यात `updated-by` हा शब्द शोधावा. त्यापुढे सूचनेचा प्रकार, तिचा डीओआय आणि ती नोंद प्रकाशकाकडून आली की रिट्रॅक्शन वॉचकडून, हे दिलेले असते. हा शब्द न सापडला तर क्रॉसरेफकडे अजून अशी कोणतीही सूचना पोचलेली नाही, एवढेच सिद्ध होते.

सूचना सापडली, आता ती वाचा

सूचना सापडल्यावर बरेच जण तिथेच थांबतात. खरी माहिती तिच्या मजकुरात असते. लॅन्सेटच्या सूचनेवर मूळ चारांपैकी तिघा लेखकांची नावे आहेत. सर्व माहिती 'सर्जिस्फिअर' नावाच्या अमेरिकी कंपनीकडून आली होती आणि त्या कंपनीचा संस्थापकच चौथा लेखक होता. बाकीच्या तिघांनी स्वतंत्र तपासणीसाठी मूळ माहिती मागितली, ती कंपनीने दिली नाही, आणि म्हणून तिच्या खरेपणाची हमी आपण देऊ शकत नाही, असे या तिघांनी सांगितले. यातून वाचकाला कळते की दोष आकडेमोडीच्या एखाद्या पायरीत नव्हता, पायाच तपासता येत नव्हता. अशा निबंधातला एकही आकडा, अगदी रुग्णांचे सरासरी वयसुद्धा, उचलता येणार नाही.

याउलट 'प्रेडिमेड' या स्पॅनिश अभ्यासाचे आहे. भूमध्य सागरी प्रदेशातल्या आहाराने हृदयविकार टळतात का, हे ७,४४७ जणांवर पाहणारा हा निबंध २०१३मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पुढे आढळले की काही सहभागींना आहाराचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने वाटलेले नव्हते. एकाच घरातल्या माणसांना एकच गट दिला गेला होता आणि एका केंद्रात तर संपूर्ण दवाखान्याला एकच आहार ठरवून दिला होता. लेखकांनी हे मान्य करून नव्याने विश्लेषण केले. २०१८मध्ये जुना निबंध मागे घेऊन त्याच दिवशी सुधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली, पण कार्यकारणाबद्दलची भाषा अधिक जपून लिहिली गेली. इथे फसवणुकीचा आरोप नाही. 'मागे घेतला' एवढेच पाहून अभ्यासच टाकून देणे चूक, आणि जुन्या निबंधाचा हवाला देत राहणे हीही चूकच. संदर्भ द्यायचा तो २०१८च्या निबंधाचा.

दुरुस्तीही अशीच डोळे उघडे ठेवून वाचावी लागते. 'निष्कर्षांत बदल नाही' हे वाक्य बहुतेक दुरुस्त्यांत असते आणि ते बहुधा खरेही असते. पण ते दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे असते, तपासणी करणाऱ्यांचे नव्हे. लॅन्सेटच्या दुरुस्तीतही तेच म्हटले होते आणि आठवड्याभरात निबंध गेला. दुरुस्तीतला बदल तुम्ही वापरणार असलेल्या भागाला लागतो का, आणि दिलेले स्पष्टीकरण त्या बदलाला पुरे पडते का, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत.

स्वच्छ उत्तराची मर्यादा

सगळीकडे शोधून काहीच सापडले नाही, तर त्याचा नेमका अर्थ काय? आजच्या तारखेपर्यंत कोणाची सूचना नोंदली गेलेली नाही, इतकाच. एखाद्या निबंधावर शंका घेतली जाणे आणि तो प्रत्यक्ष मागे घेतला जाणे यांत कधी कधी बरीच वर्षे जातात. ॲण्ड्र्यू वेकफील्ड यांचा गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, बारा मुलांवरचा निबंध लॅन्सेटमध्ये १९९८मध्ये आला. २००४मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी त्यातल्या अर्थ लावण्यापासून स्वतःला अलग केले. तो पूर्णपणे मागे घेतला गेला २०१०मध्ये. मधल्या बारा वर्षांत केवळ 'मागे घेतला का?' एवढेच विचारणाऱ्याला उत्तर 'नाही' असेच मिळाले असते. २००४ची ती सूचना वाचणाऱ्यालाच खरी स्थिती कळली असती.

ज्या नियतकालिकांचे निबंध डीओआयशिवाय निघतात, त्यांच्याबाबत या साधनांचा जवळजवळ उपयोग होत नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या अनेक पत्रिका अशा आहेत. तिथे नंतरच्या अंकांची अनुक्रमणिका चाळून दुरुस्ती शोधणे आणि शंका असेल तर संपादकांना लिहून विचारणे, हाच मार्ग उरतो.

आणखी एक फट आहे, ती आडून येणाऱ्या संदर्भाची. तुम्ही मागे घेतलेला निबंध स्वतः वापरला नसेल, पण अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करणारा एखादा आढावा वापरला असेल आणि त्या आढाव्यात तो निबंध मिसळलेला असेल. मूळ निबंध मागे घेतला गेला म्हणून आढाव्यावर आपोआप खूण होत नाही. तुमचा युक्तिवाद ज्या एका-दोन आढाव्यांवर उभा असेल, त्यांतल्या अभ्यासांची यादी घेऊन प्रत्येकाचा डीओआय तपासावा. ज्या अभ्यासाचा आढाव्यातला वाटा मोठा आहे, त्यापासून सुरुवात करावी.

म्हणून तपासाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. निबंध संग्रहात घेताना एकदा, लेख किंवा प्रबंध पाठवण्याच्या आठवड्यात एकदा आणि छपाईपूर्वीची मुद्रिते हाती येतील तेव्हा पुन्हा एकदा. पाठवणे आणि छापणे यांत अनेक महिने जातात आणि त्या मधल्या काळात काही निबंध मागे घेतलेले असू शकतात. प्रत्येक वेळी तपासाची तारीख संदर्भाशेजारी लिहून ठेवावी.

शेवटी प्रश्न उरतो, सूचना सापडल्यावर आपल्या वाक्याचे काय करायचे. मागे घेतलेल्या निबंधाबद्दलच लिहायचे असेल, तर त्याचा संदर्भ जरूर द्यावा. पण तो मागे घेतल्याचे वाक्यातही सांगावे, संदर्भसूचीतही लिहावे आणि सूचनेचा डीओआय सोबत द्यावा. तो पुरावा म्हणून वापरला असेल, तर संदर्भ खोडून वाक्य तसेच ठेवणे पुरेसे नाही, कारण वाक्याचा आधारच गेलेला असतो. त्याच्या उलट विधान करणेही तितकेच चूक. लॅन्सेटचा निबंध मागे घेतला गेला तेव्हा काहींनी त्यातून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन उपयोगी ठरल्याचा अर्थ काढला. खरे तर त्या निबंधाने काहीच सिद्ध केले नव्हते, ना एक बाजू ना दुसरी. उत्तर दुसरीकडून आले. निबंध मागे घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ जून २०२० रोजी, ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जाहीर केले की रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना या औषधाने फायदा होत नाही. १७ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या चाचणीतला तो भाग कायमचा थांबवला. रुग्णालयातल्या उपचाराबद्दल लिहिणाऱ्याने संदर्भ द्यायचा तो या चाचण्यांचा, आणि त्यांचेही डीओआय याच पद्धतीने तपासून घ्यायचे.